बदनामीची पोस्ट हटवण्याआधी: पुरावा, खात्यामागची व्यक्ती आणि नोटीस यांचा योग्य क्रम

समाजमाध्यमावर आपल्याविरुद्ध खोटी पोस्ट पडली की माणूस पहिल्यांदा ती "रिपोर्ट" करतो, नातेवाइकांनाही तसे करायला सांगतो आणि पोस्ट दिसेनाशी झाली की सुटकेचा श्वास सोडतो. परभणी जिल्ह्यात वकिली करताना अशी बरीच प्रकरणे माझ्याकडे येतात. त्यांतील पुष्कळांची अडचण हीच असते की पोस्ट गेली, पण तिच्यासोबत पुरावाही गेला. लिहिणारा सावध झाला, त्याने खाते बंद केले आणि आठवड्याने दुसऱ्या नावाने तेच पुन्हा लिहिले. तोवर आपल्या हाती उरतो तो व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला, कडा कापलेला एक पुसट स्क्रीनशॉट. म्हणून पोस्ट आधी जपावी, मग खात्याची कायमची ओळख नोंदवावी, आणि हटवण्याची मागणी त्यानंतर करावी. याला फार वेळ लागत नाही. पहिले दोन टप्पे एका संध्याकाळी पूर्ण होतात.

हा क्रम एका काल्पनिक, पण आपल्याकडे सहज घडेल अशा उदाहरणावरून पाहू. जिंतूर तालुक्यातील एक कृषी सेवा केंद्र घ्या. खरिपाची पेरणी तोंडावर आलेली आहे आणि सोयाबीन बियाण्यांसाठी दुकानात गर्दी आहे. अशा वेळी, तालुक्याच्या बातम्या देण्याचा दावा करणाऱ्या एका फेसबुक पेजवर १८ जूनची मध्यरात्र उलटून १९ जून लागल्यावर रात्री १२:५० वाजता पोस्ट येते की, "बसस्थानकाजवळच्या दुकानावर कृषी विभागाने छापा टाकून बोगस बियाणे जप्त केले, परवाना रद्द झाला, शेतकऱ्यांनी सावध राहावे." सोबत दुकानाच्या पाटीचे छायाचित्र आहे. खाली एका शेतकऱ्याची टिप्पणी आहे की, "माझ्या दोन एकरांत उगवण झाली नाही." दुसरी टिप्पणी दुकानदाराचेच नाव आणि छायाचित्र लावलेल्या बनावट खात्यावरून आहे: "होय, चूक झाली, पैसे परत देतो." प्रत्यक्षात छापाही पडलेला नाही आणि परवानाही शाबूत आहे.

कोणत्या वाक्याविरुद्ध तक्रार करायची

संपूर्ण पोस्टविरुद्ध सरसकट तक्रार करणे ही पहिली चूक असते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लौकिकाला बाध आणणाऱ्या आरोपाबद्दल आहे आणि त्याला अपवादही आहेत. लोकहितासाठी सांगितलेले सत्य, सद्भावनेने व्यक्त केलेले मत आणि योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार यांना तेथे संरक्षण आहे. म्हणून उगवण न झाल्याचे लिहिणाऱ्या शेतकऱ्याला नोटिशीतून पूर्णपणे वगळावे. त्याचे म्हणणे खरे असू शकते, त्यासाठी तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती आहे, आणि त्याला नोटीस दिली तर दुकानदार शेतकऱ्यांची तोंडे बंद करू पाहत आहे असेच न्यायालयाला वाटेल.

उरतात ती पडताळून पाहता येणारी दोन विधाने: छापा पडला आणि परवाना रद्द झाला. ही खोटी असल्याचा कागद त्याच आठवड्यात मिळवायला सुरुवात करावी. परवान्याची वैध प्रत जवळ असतेच. त्याखेरीज कृषी कार्यालयाकडे लेखी पत्र मागावे आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्जही करावा, ज्याच्या उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. अमुक तारखांदरम्यान या दुकानाची तपासणी, जप्ती किंवा परवाना निलंबन झाले आहे काय, एवढाच नेमका प्रश्न विचारावा. या पत्राचे महत्त्व पुढे न्यायालयात कळते.

पोस्टमध्ये दुकानाचे नाव नसले तरी घाबरू नये. पाटीचे छायाचित्र आणि "बसस्थानकाजवळचे" हा उल्लेख यांवरून ओळखीचे लोक दुकान ओळखतात, आणि कायद्याला तेवढे पुरते. मात्र ते ओळखणारे लोक साक्षीला हवेत. दुकानदाराचे नातेवाईक किंवा नोकर नसलेल्या, पोस्ट स्वतः पाहिलेल्या दोन व्यक्तींकडून त्यांनी ती कोठे आणि केव्हा पाहिली व ती कोणाविषयी आहे असे त्यांना का वाटले, हे त्यांच्या शब्दांत आणि सहीनिशी लिहून घ्यावे. बदनामीसाठी मजकूर त्रयस्थापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. ही गोष्ट स्क्रीनशॉटपेक्षा माणसांच्या साक्षीने अधिक ठामपणे सिद्ध होते.

स्क्रीनशॉट न्यायालयात टिकेल असा काढणे

हे काम शक्यतो संगणकाच्या ब्राउझरवर करावे, कारण तेथे पत्ता दिसतो. पोस्टच्या वेळेवर टिचकी मारली की पोस्ट स्वतंत्रपणे उघडते आणि वरच्या पट्टीत तिचा पत्ता येतो. मोबाईल ॲपमधून "Copy link" केल्यावर बहुधा `facebook.com/share/p/` ने सुरू होणारा आखूड दुवा मिळतो. तो तसाच तक्रारीत घालू नये. ब्राउझरमध्ये उघडून पूर्ण पत्ता येऊ द्यावा आणि तो लिहून घ्यावा. टिप्पणीच्या वेळेवर टिचकी मारल्यास तिचाही वेगळा पत्ता मिळतो, ज्यात `comment_id` असतो. बनावट खात्याच्या टिप्पणीसाठी तो आवश्यक आहे.

चित्र काढताना पत्त्याची पट्टी, पोस्टचा संपूर्ण मजकूर, पेजचे नाव आणि संगणकाच्या घड्याळातील तारीख-वेळ एकाच चौकटीत यावी. फेसबुक बरेचदा "3h" एवढेच दाखवते. माउस त्यावर ठेवला की पूर्ण तारीख आणि वेळ दिसते, आणि चित्र त्या स्थितीत काढावे. पोस्ट नंतर बदललेली असेल तर "View edit history" उघडून जुना मजकूरही टिपावा. यानंतर पेजच्या मुख्य पानापासून पोस्टपर्यंत आणि टिप्पण्यांपर्यंत सावकाश जात सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. सुट्या चित्राबद्दल ते जुळवून तयार केल्याची शंका घेता येते. सलग चित्रफितीबद्दल तशी शंका घेणे अवघड जाते.

चित्राच्या कडा कापू नयेत, त्यावर लाल गोल काढू नयेत, नाव बदलायचे असल्यास प्रतीचे बदलावे. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवू नये, कारण पाठवताना ती आकसते आणि नवीनच फाइल तयार होते. वकिलाकडे ती पेनड्राइव्हमध्ये द्यावी, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची असल्यास "Document" म्हणून पाठवावी. त्याच दिवशी प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य काढून ठेवावे. हॅश म्हणजे फाइलमधील प्रत्येक बिंदूवरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा समजा. एक बिंदू बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढीलप्रमाणे लिहिले की ते मिळते:

```
certutil -hashfile post1.png SHA256
```

आलेली अक्षर-अंकांची ओळ वहीत उतरवण्याऐवजी तिची छापील प्रत काढावी, कारण हाताने लिहिताना एक अक्षर चुकले तरी पुढे फाइलच संशयास्पद ठरते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मराठवाड्यातूनच गेलेल्या एका खटल्यात आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता की नाही, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता, आणि त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर करून सिद्ध केले तर ते लागत नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत हॅश मूल्य व ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. उपकरणाची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांकही त्यात येतात. म्हणून ज्या संगणकावर किंवा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढला, तो खटला संपेपर्यंत विकू नये आणि फॉरमॅटही करू नये. दुकानातल्या मुलाच्या मोबाईलवर घाईने चित्र काढले आणि तो मुलगा पुढे पुण्याला नोकरीला गेला, तर प्रमाणपत्रावर सही करायला नेमका माणूस सापडत नाही. काम स्वतःच्या उपकरणावर स्वतः करावे.

खात्याची कायमची ओळख

पेजचे नाव आज एक असते, उद्या दुसरे. प्रोफाइलच्या पत्त्यातील नावही खातेदार बदलू शकतो. त्याच्या मागचा अंकी क्रमांक मात्र तोच राहतो, आणि कंपनी आपल्या नोंदी त्यावरूनच शोधते. फेसबुक पेजच्या माहितीत "Page transparency" हा भाग असतो. तेथे पेज क्रमांक, पेज सुरू केल्याची तारीख, पूर्वीची नावे आणि ते सांभाळणारे लोक कोणत्या देशात आहेत हे दिसू शकते. इन्स्टाग्रामवर अशीच माहिती "About this account" मध्ये मिळते. पूर्वीची नावे नीट वाचावीत. बातम्यांचे म्हणून मिरवणारे पेज दोन वर्षांपूर्वी एखाद्या दुकानाच्या किंवा व्यक्तीच्या नावाने होते, असे तेथे उघडपणे दिसून येते.

वैयक्तिक प्रोफाइलचा पत्ता कधी `facebook.com/profile.php?id=` असा असतो आणि त्यापुढचा अंक हाच खाते क्रमांक असतो. पत्त्यात अंकाऐवजी नाव असेल, तर लोक ब्राउझरमधील "View page source" वापरून पानाचा मूळ संकेत उघडतात आणि त्यात `userID` शोधतात. येथे एक फसगत होते: त्या संकेतात पाहणाऱ्याचा स्वतःचा क्रमांकही असतो. म्हणून सापडलेला अंक `facebook.com/` यापुढे टाकून कोणते प्रोफाइल उघडते ते पाहावे, आणि मगच तो लिहावा. तक्रारीत स्वतःचाच क्रमांक गेला, तर कंपनीकडून माहिती येईल ती तक्रारदाराचीच.

स्वतः शोध घेण्याची मर्यादा येथे संपते. त्या खात्यावर "पासवर्ड विसरलो" दाबून मोबाईलचे शेवटचे अंक पाहण्याचा सल्ला देणारे भेटतात. तसे केल्याने खातेदाराला संदेश जाऊ शकतो आणि तो सावध होतो. फसवा दुवा पाठवून त्याचे ठिकाण काढणे किंवा खात्यात शिरणे हा तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आपल्याच गळ्यात पडणारा गुन्हा आहे. लिहिण्याच्या ढबीवरून "हा समोरच्या दुकानदाराचाच उद्योग आहे" असे वाटले, तरी ते गटावर लिहू नये. ते चुकीचे निघाले, तर बदनामीचा आरोपी आपण होतो.

कंपनीकडे नोटीस, आणि तिची खरी ताकद

पुरावा जपून झाला की माध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. या अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता कंपनीने प्रसिद्ध करणे माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार बंधनकारक आहे. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत अशी मुदत होती. मुदती दुरुस्त्यांनी बदलत असल्याने तक्रारीच्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहून घ्यावा.

पण या नोटिशीकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी स्पष्ट केले की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खालील "प्रत्यक्ष माहिती" म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना. कोणीही पाठवलेली नोटीस नव्हे. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने नियमांतील मनाई असलेल्या मजकुराच्या यादीतून "बदनामीकारक" हा शब्दच वगळला. त्यामुळे "हे बदनामीकारक आहे" एवढ्यावरच उभी असलेली नोटीस कंपनी सहसा नाकारते. आपल्या उदाहरणात मात्र दोन तक्रारी वेगळ्या करता येतात. दुकानदाराच्या नावाचे आणि छायाचित्राचे बनावट खाते हे तोतयेगिरीत मोडते, आणि त्यासाठी नियमांत वेगळी, बरीच कमी मुदत आहे. ती तक्रार आधी आणि स्वतंत्र अर्जाने करावी, कारण तिचे यश जवळपास हमखास असते. पोस्टची तक्रार वेगळी राहू द्यावी. दोन्ही एकत्र केल्या की बनावट खात्याचा सोपा विषयही अडकून पडतो.

पोस्टच्या तक्रारीत भावना नको, पत्ता हवा. साधारण असे लिहावे: "पेज क्रमांक अमुक यावरील, अमुक पत्त्याच्या पोस्टमधील 'कृषी विभागाने छापा टाकून बोगस बियाणे जप्त केले' आणि 'परवाना रद्द झाला' ही दोन विधाने असत्य आहेत. वैध परवान्याची प्रत आणि कृषी कार्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे. हा मजकूर काढावा. मजकूर काढला तरी तो व त्याच्याशी संबंधित नोंदणी आणि लॉगिनच्या नोंदी नियम ३(१)(ग) व (ह) प्रमाणे जपून ठेवाव्यात. न्यायालयाकडून त्या मागवण्याची कार्यवाही आम्ही करीत आहोत." हीच मागणी इंग्रजीतही जोडावी. यांतली नोंदी जपण्याची मागणी माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. हटवलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी माहिती १८० दिवस जपण्याची तरतूद नियमांत आहे. हे दिवस संपण्याआधी न्यायालयाचा आदेश कंपनीपर्यंत पोहोचला पाहिजे. पोच क्रमांक आणि उत्तराचा ईमेल छापून ठेवावा. निर्णय प्रतिकूल आला, तर ३० दिवसांच्या आत `gac.gov.in` वर अपील समितीकडे अपील करता येते.

पोलीस ठाण्यात काय होते

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात एन.सी. नोंदवून घेतात आणि न्यायालयात जायला सांगतात, त्यात टाळाटाळच असते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या सुब्रमण्यम स्वामी निकालात फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवतानाच सांगितले की अशा प्रकरणात एफआयआर होऊ शकत नाही आणि दंडाधिकारी पोलिसांना गुन्हा नोंदवून तपासाचा आदेशही देऊ शकत नाहीत. बाधित व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करायची असते. आता त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. आरोपी कोण हेच माहीत नसेल, तर गाडी येथेच अडते.

बनावट खात्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-क आणि ६६-ड यांसारखी दखलपात्र कलमे लागू शकतात, आणि त्या कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. ही तक्रार `cybercrime.gov.in` वर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात द्यावी आणि खाते क्रमांक, टिप्पणीचा पत्ता व हॅश मूल्ये सोबत द्यावीत. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. या कामासाठी तिच्यावर वेळ घालवू नये.

नाव उघड करणारा आदेश

पेजमागच्या माणसाचे नाव मिळवण्याचा खात्रीचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जातो. "अमुक क्रमांकाचे पेज चालवणारी अज्ञात व्यक्ती" यांना पहिले प्रतिवादी आणि कंपनीला दुसरे प्रतिवादी करून दावा दाखल करता येतो. अज्ञात व्यक्तीविरुद्ध मिळणाऱ्या अशा आदेशाला आपल्याकडे "अशोक कुमार आदेश" म्हणतात. दाव्यात तीन मागण्या वेगवेगळ्या मांडाव्यात: पोस्ट काढणे, पुन्हा प्रसिद्धीला मनाई, आणि नोंदणीची माहिती उघड करणे. मुदत मात्र लक्षात ठेवावी. भरपाईच्या दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष मिळते, तर फौजदारी तक्रारीला तीन वर्षे.

अंतरिम मनाई मागताना कृषी कार्यालयाचे पत्र कामी येते. ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावले की मजकूर उघडपणे खोटा किंवा द्वेषमूलक असल्याचे दिसल्याशिवाय सुनावणीआधीच प्रसिद्धीला मनाई करू नये. छापा पडलाच नाही असे सरकारी पत्र असेल, तर ही पायरी ओलांडता येते. फक्त दुकानदाराचे शपथपत्र असेल, तर बहुधा पुढची तारीख मिळते.

कंपनीकडे काय मागायचे ते आदेशातच नेमके यायला हवे: खाते नोंदवतानाचा मोबाईल क्रमांक व ईमेल, आणि त्या दिवसांतील लॉगिनचे आयपी पत्ते, पोर्ट क्रमांकासह. मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर दूरसंचार कंपनी एका ग्राहकाकडे बोट दाखवू शकत नाही. वेळेचीही मोठी गफलत होते, कारण कंपनीच्या नोंदी जागतिक वेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपली पोस्ट १९ जूनला रात्री १२:५० ची आहे, म्हणजे कंपनीच्या नोंदीत ती १८ जूनला १९:२० अशी असेल. अर्जात "१९ जूनच्या नोंदी" एवढेच मागितले, तर नेमकी हवी असलेली ओळ बाहेर राहते. म्हणून १७ ते २० जून असा कालावधी मागावा आणि वेळेची पद्धत स्पष्ट लिहावी.

मिळालेला क्रमांक ज्याच्या नावावर आहे, तो लिहिणाराच असेल असे गृहीत धरू नये. सिमकार्ड आईच्या नावावर आणि मोबाईल मुलाकडे असतो, किंवा जोडणी दुकानाची आणि वापर सगळ्या गल्लीचा असतो. मोबाईल क्रमांक, लॉगिनच्या वेळा आणि पेजची जुनी नावे हे तीन धागे एकाच माणसाकडे जात असतील, तेव्हाच दाव्यात दुरुस्ती करून त्याचे नाव घालावे आणि त्याच आधारे फौजदारी तक्रार दाखल करावी.

मजकूर व्हॉट्सॲपवर फिरला असेल, तर पहिला पाठवणारा शोधून देण्याची नियमांतील तरतूद बदनामीसाठी वापरता येत नाही. ती निवडक, अधिक गंभीर गुन्ह्यांपुरती आहे. तेथे ज्याच्या क्रमांकावरून मजकूर आला, त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. गटाच्या ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून ओढू नये. समान हेतू दिसत नसेल तर तो दुसऱ्याच्या मजकुराला जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

नाव उघड झाल्यावर समोरचा माणूस बहुधा तडजोडीला येतो, आणि बदनामीच्या गुन्ह्यात तडजोड करता येते. तेव्हा अटी लेखी घ्याव्यात. माफीचा मजकूर आधी मान्य करून घ्यावा, तो त्याच पेजवर सर्वांत वर ठेवलेला असावा आणि किती दिवस राहील ते ठरवावे, मूळ पोस्ट ज्या गटांत फिरली त्या गटांतही तो पडावा. माफीच्या त्या पोस्टचाही पत्ता, स्क्रीनशॉट आणि हॅश घ्यावा, आणि ठरलेले दिवस पूर्ण झाल्यावरच न्यायालयात तडजोडीचा अर्ज द्यावा.